टाकीतलं पांढरं आभाळ

माझा धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढतो, आणि लग्नाच्या दिवशी ढगाळ असलं की फोटोत वर छान निळं आभाळ लावून देतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही. नवरीला निळं आभाळ हवं असतं, तिला ते मिळतं. सुनावणीच्या दिवसापर्यंत मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

टेकडीच्या अलीकडे माझी रोपांची नर्सरी आणि पलीकडे खडी क्रशर. दगड फोडायचं ते मशीन दिवसभर धूळ ओकतं आणि ती माझ्या रोपांवर बसते. गिऱ्हाईक पान चोळून बघतं, बोट पुसतं आणि रोप जागेवर ठेवून चालतं होतं. क्रशर हलला नसता तर मला नर्सरीला कुलूप लावावं लागणार होतं. म्हणून मी प्रदूषण खात्याच्या कार्यालयात तक्रार केली. पुराव्याला फोटो हवा होता.

"ताई, ते माझ्यावर सोड," भाऊ म्हणाला. मी सोडलं. त्याने फोटो परस्पर कार्यालयात पाठवलाही.

सुनावणीत खात्याच्या अधिकाऱ्यांनी तो भिंतीवरच्या पडद्यावर लावला. टेकडी माझी, रोपं माझी, पुढची पाण्याची उघडी सिमेंटची टाकीही माझी. पण वर तपकिरी, काळपट, जगबुडी यावी असं आभाळ! असलं आभाळ मी तिथे जन्मात पाहिलेलं नव्हतं.

क्रशरवाल्याचा वकील उठला. तो हसत होता, आणि ते हसू आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"साहेब, या आभाळात सूर्य उजवीकडे आहे. मग कुंड्यांच्या सावल्याही उजवीकडेच कशा पडल्या? आणि वर आभाळ तपकिरी, तर टाकीतल्या पाण्यात पांढरं कसं?"

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या भावाकडे मूळ फोटो मागितला. त्याने लॅपटॉप उघडला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

मूळ फोटोत आभाळ फिकट पांढरं होतं. आणि टेकडीमागून धुळीचा लोट वर चढत होता! पातळ, पांढरट, पण नीट पाहिलं की दिसत होता. पानांवर राखाडी थरही होता.

"ही बघा ना धूळ!" मी ओरडले. मग भावाकडे वळले. "तुझ्या फोटोत ही का नाही?"

"आभाळ बदलायला निवडलं ना ताई, तेव्हा सॉफ्टवेअरने लोटालाही आभाळच धरलं," तो पुटपुटला. "जुन्या आभाळाबरोबर तोही गेला. आणि नव्याला जुळावीत म्हणून रोपं जरा तांबूस केली."

"खरी धूळ पुसून खोटी लावलीस?"

"खरी कुणाला दिसलीच नसती गं. लग्नाच्या फोटोत तर मी नेहमी..."

"लग्नात आभाळ शोभेला असतं, मूर्खा! इथे तक्रारच आभाळाची होती!"

वकिलाला आयतंच सापडलं. "एका फोटोत खोटं घालणाऱ्याचा दुसरा फोटो खरा का मानायचा, साहेब?"

अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटो बाजूला ठेवले. आता जागेवर पाहणी होईल, दोन्ही बाजूंना तारीख आधी कळवली जाईल, असं त्यांनी सांगितलं.

"आधी कळवून?" मी म्हणाले. "त्या दिवशी ते मशीन बंद ठेवतील!"

"बाई, मी न कळवताच येणार होतो. पण या फोटोनंतर तुम्हाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको."

त्यांच्यावर चिडायलाही मला तोंड राहिलं नव्हतं. ते भावाने घालवलं होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशीच क्रशर बंद झाला. टँकर रस्त्यावर पाणी मारून गेले. सकाळी टेकडीवर इतकं स्वच्छ, निळंभोर आभाळ होतं की मला त्याच्यावर थुंकावंसं वाटलं. भाऊ कॅमेरा घेऊन आला होता. मी त्याला तो बॅगेतून काढूच दिला नाही. अधिकाऱ्यांनी पान चोळून बोटावरची धूळ पाहिली.

"रस्त्याची आहे, साहेब," वकील म्हणाला.

भावाने आधीचा फोटो जिथून काढला होता तिथेच उभं राहून अधिकाऱ्यांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. टेकडीवर निळं आभाळ, टाकीतही निळंच. सावल्या जिथल्या तिथे.

"तुमच्यासमोर काढलाय. यात काही बदललेलं नाही ना?"

भाऊ जमिनीकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले आणि पाहणीच्या कागदावर सही केली.