शेवटची तान

"श्वास घ्या... अजून थोडा... आता धरून ठेवा. हलू नका."

काचेआड उभं राहून तिने बटण दाबलं, आणि नेमका त्याच क्षणी एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. ती फोनकडे बघत राहिली. 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. प्लेटला छाती टेकून उभे असलेले आजोबा लालबुंद झाले तेव्हा आतून आवाज आला, "बाई, सोडू का आता? का असाच जाऊ वरती?"

"सोडा, सोडा! चुकलं माझं," ती ओशाळून म्हणाली.

एक्स-रे खोलीत तिची सोळा वर्षं गेली होती आणि असं कधीही झालं नव्हतं. पण गेले तीन आठवडे बाईसाहेबांचं सगळंच जरा वेगळं चाललं होतं. वहिनीने एक स्थळ सुचवलं होतं. पुलांची कामं करणारा इंजिनियर, चव्वेचाळिशीचा, कुणाचं देणंघेणं नाही, कसलं व्यसन नाही. वहिनी लांब दुसऱ्या गावाला राहायची, पण तिची फोनवरची जरब हातभर अंतरावरून यावी तशी यायची. "हे बघ," तिने बजावलं होतं, "तू एक्केचाळिशीची आहेस. आता पत्रिका-बित्रिका नाही, तोंड उघडून बोलायचं. तू आपली दोन वाक्यं बोलतेस आणि गप्प बसतेस. समोरच्याने काय तुझाही एक्स-रे काढायचा का?"

बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हाच तर प्रश्न होता. पहिल्या दोन फोनमध्ये हवा, नोकरी आणि घरच्यांची तब्येत एवढं संपलं. मग इंजिनियरनेच तोड काढली. "आपण गाण्यांची एक यादी करू," तो म्हणाला. "दोघांची मिळून. तुम्ही तुमची टाका, मी माझी टाकतो. गाणी कळली की माणूस कळतो."

तिला ते वाक्य इतकं आवडलं की दिवसभर ते तिच्या डोक्यात फिरत होतं.

गाण्याच्या ॲपवर त्याने यादी उघडली, तिला आत यायचा दुवा पाठवला. प्रत्येक गाण्याशेजारी, ते कुणी टाकलं त्याचा इवलासा गोल फोटो दिसायचा. तिने पहिलं गाणं टाकायला अख्खा दिवस घेतला. प्रेमाचं नको, तीन दिवसांत प्रेमाचं गाणं म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. विरहाचं तर नकोच, तो म्हणेल हिचं आधीचं काहीतरी शिल्लक आहे. फार जुनं टाकलं तर आपलं वय दिसतं आणि अगदी नवं टाकलं तर आपण वय लपवतोय असं दिसतं. शेवटी तिने नुसत्या बासरीचं एक टाकलं. बासरीत शब्दच नाहीत, मग चुकणार काय?

त्याने पाच मिनिटांत बदामाचं चित्र पाठवलं आणि आपली पाच गाणी एकदम टाकली.

ती पाचही गाणी तिने ऐकली. रुग्णालयातून घरी चालत येताना एकेक, आणि प्रत्येक दोनदा. तिच्याकडे फुकटचं ॲप होतं, त्यामुळे मधेच साबणाची नाहीतर गादीची जाहिरात घुसायची, तेवढा वेळ ती रस्त्याच्या कडेला थांबून राहायची. तिसऱ्या गाण्यात कडव्याआधी गायक हलकेच श्वास घेतो, तो तिला ऐकू आला. धंद्याचीच सवय, श्वास तिला आधी ऐकू यायचा. तिने त्याला तसं लिहिलं. त्याने लिहिलं, "वा! किती बारकाईने ऐकतेस." त्या दिवसापासून तो 'तू'वर आला. तिला मात्र 'तू' म्हणवेना आणि 'तुम्ही' म्हटलं तर तो रागवायचा. मग 'जेवण झालं का', 'साइटवर पोहोचणं झालं का' अशी कुणालाच न चिकटणारी वाक्यं ती जुळवत बसायची.

पुस्तकांचंही तसंच. त्याने एका जाडजूड कादंबरीच्या पानाचा फोटो पाठवला, दोन ओळी पिवळ्या रंगवलेल्या. खाली लिहिलं होतं, "हे पुस्तक म्हणजे मी." एवढं म्हटल्यावर ते वाचायला नको? तिने वाचनालयातून ते आणलं, दुपारच्या सुट्टीत शिशाच्या जड एप्रनवर टेकवून वाचलं. त्यातला दीपगृहाचा रखवालदार शेवटी बोट येताना दिसते तरी दिवा लावत नाही. का लावत नाही, हे तिला मेलं काही केल्या उमगेना. तिने विचारलं. उत्तर आलं, "हाच तर प्रश्न आहे!" आणि डोळा मारणारा चेहरा. तिला वाटलं, किती खोल माणूस आहे.

खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत ती सुखात होती. घरी बोलायला होतंच कोण? बाबा होते, पण त्यांचे कान आता नावापुरते. यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात घालून ठेवलेलं. आई गेल्यापासून ते तिचं नावही काढत नसत. सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी तोच पेपर उलट बाजूने. एका घरात दोन माणसं राहत होती आणि दोघांच्या मिळून दिवसाकाठी दहा वाक्यं होत नसत. म्हणून कुणीतरी आपलं ऐकतंय, मुद्दाम वेळ काढून, हे तिला पैशाअडक्याहून मोठं वाटत होतं. तिला नवरा हवा होता तो तेवढ्यासाठीच, हे वहिनीला कुणी सांगावं?

चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, "आता ॲपवरचं नको. तुझं असं काहीतरी पाठव, जे कुणालाच माहीत नाही."

असं तिच्याजवळ एकच होतं.

आईच्या जुन्या फोनमध्ये एक ध्वनिमुद्रण होतं. फोन नवा घेतला तेव्हा तो चालतो का बघायला म्हणून तिनेच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केलेलं. आई भांडी विसळत गातेय, स्वतःशीच, कुणी ऐकतंय हे माहीत नसताना. सहा मिनिटं. गाणं संपत नाही. अगदी शेवटी सूर वर चढतो आणि मधेच तुटतो, आई ओरडते, "अहो, दूध! दूध बघा आधी!" मग भांड्याचा आवाज, आणि आईचं हसणं. दुधाकडे बघायचं काम बाबांचं होतं आणि पेपरपायी ते रोज उतू जायचं. आई गेल्यावर तिने ते कुणालाही ऐकवलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. त्यांना सोसणार नाही, आणि तसंही ऐकू कुठे येणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तिने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. जुना फोन टेबलावर ठेवला, त्याच्याजवळ नवा धरला आणि सहा मिनिटं माइकचं बटण दाबून उभी राहिली. बोट दुखलं, पण हललं नाही. मग तिने ते पाठवून दिलं. खाली लिहिलं, "माझी आई."

दोन मिनिटांच्या आत उत्तर आलं.

"काय गळा आहे! डोळे भरून आले. शेवटची तान तर अंगावर काटा आणते."

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटची तान? आवाजी निरोपाशेजारी छोटासा माइक असतो, समोरच्याने ऐकलं की तो निळा होतो. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा त्याने बंद करून ठेवल्या होत्या, पण त्या माइकला तसं बंद करता येत नाही. तो करडाच होता.

ऐकेल, ती मनाशी म्हणाली. कामात असेल. आधी कौतुक, मग ऐकणं, असतात काही माणसं. तिने सोमवार जाऊ दिला, मंगळवार जाऊ दिला. दोन रुग्णांच्या मधे ती फोन काढून त्या माइककडे बघायची. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, नव्या पुलाच्या कंत्राटाबद्दल तो बराच वेळ बोलला. मग तिने विचारलं, "आईचं ऐकलं का?"

"अगं, म्हटलं ना, अप्रतिम!"

"शेवटी काय होतं त्यात?"

पलीकडे तो हसला. "पकडलंस. खरं सांगू? मला गाण्यातलं फार कळत नाही. ती यादी पण तयार मिळते, नव्या जोडप्यांसाठी म्हणून, त्यातलीच उचलतो मी. लोकांना बरं वाटतं."

"आणि पुस्तक?"

"अर्धं वाचलंय. अगं, एवढं काय त्यात? आईचं ऐकूच की. लग्नानंतर आयुष्य पडलंय ऐकायला."

तो वाईट माणूस नव्हता. आवाजात लाज होती, थोडी घाईही होती. त्याला तिच्याशी लग्न करायचंच होतं. फक्त तिचं ऐकायचं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या." इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाक्य जुळवावं लागलं नाही.

फोन ठेवल्यावर तिने तो निरोप पुसायला घेतला. दोघांकडचा पुसायची मुदत उलटून गेली होती, फक्त स्वतःकडचा पुसता येत होता. म्हणजे आईचा आवाज त्या माणसाच्या फोनमध्ये तसाच पडून राहणार, बंद पाकिटासारखा. तेव्हा मात्र तिला रडू आलं. परक्याला दिलं आणि घरातल्याला दिलं नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

वहिनी फोनवर कडाडली. "गाणं ऐकलं नाही म्हणून स्थळ मोडतात होय? माझ्या नवऱ्याने वीस वर्षांत माझं एक वाक्य पुरतं ऐकलं नाही, तरी चाललंय ना?" तिला हसू आलं, आणि भावाची दयाही आली, वहिनीची त्याहून जास्त.

पुढच्या रविवारी दुपारी बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. ती जुना फोन आणि वायरचे मोठे हेडफोन घेऊन समोर स्टुलावर बसली.

"काय गं?" बाबा मोठ्याने म्हणाले. "कसली तपासणी?"

"ऐकायचंय," ती त्यांच्या कानाशी ओरडली. "आईचं आहे. नको असलं तर काढा."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. तिने हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वाढवला आणि सुरू केलं. आवाज इतका मोठा होता की बाहेर झिरपत तिलाही येत होता. बाबा हातातल्या पेपरकडे बघत होते, पण चष्म्याविना. दुसऱ्या मिनिटाला त्यांचा अंगठा पेपरच्या कडेवर ताल धरू लागला. पुढे तोही थांबला. ते नुसते ऐकत होते, सगळं, अगदी एकेक भांडं विसळल्याचंही.

शेवटी सूर वर चढला आणि तुटला.

बाबा ताडकन उठले. पेपर खाली पडला. "आलो, आलो!" म्हणत ते स्वयंपाकघराकडे निघाले, हेडफोन तसेच कानांवर. वायर ताणली. ती सुटली असती तर आईचं हसणं मधेच थांबलं असतं, म्हणून ती फोन हातात धरून त्यांच्या मागोमाग गेली.

ओट्यावर काहीही नव्हतं. गॅस बंदच होता. तरी बाबांनी बटण एकदा चाचपून बघितलं, आणि मग हात तिथेच ठेवून उभे राहिले.