जीमपर्यंत

आपांच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग डॉक्टरांनी काढून टाकला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, सुनेला हाक मारली नाही. ओठांनी कुराणातली एक आयत म्हणून पाहिली. अर्ध्यावरच दम तुटला. शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून म्हणाली, "अहो, झोपा की आता!"

"वाक्य पुरं व्हायचंय," आपा म्हणाल्या, आणि थोडं मागून पुन्हा सुरू केलं.

कुराणपठण शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना दम कमी पडणं म्हणजे सुताराचा हात मोडण्यासारखंच. मदरशातल्या मोठ्या मुलींचा वर्ग आपांचा. त्या दुखण्यातून उठेपर्यंत वर्ग बंद राहिला, आणि तो बंदच ठेवावा असं चिटणिसांच्या मनानं घेतलं. चिटणीस म्हणजे आपांचे धाकटे दीर. मदरशाच्या कचेरीत ते काच लावलेल्या टेबलामागे बसत आणि वहिनींशी नेहमी फार गोड बोलत. गोड बोलून नको ते गळी उतरवणं हा त्यांचा हातखंडा.

"वहिनी, आता घरी बसा, आराम करा. मुली छोट्यांच्या वर्गात बसतील. वाचायला येतंय ना त्यांना? झालं तर."

"वाचता येतं. थांबता येत नाही अजून."

"थांबायला काय लागतं?"

"तेच तर," आपा म्हणाल्या. "भाऊजी, नियमाप्रमाणे बाहेरचा परीक्षक बोलवा. मी वाचते. नापास झाले तर मीच वर्ग बंद करते."

सून दाराशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी एकदा हट्ट धरला की घरातलं मांजरसुद्धा मध्ये पडत नसे.

परीक्षक आले ते तरुण, नीटस दाढीचे, हळू बोलणारे. त्यांनी आपांना आदरानं खुर्ची दिली. उतारा मात्र चिटणिसांनीच निवडून ठेवला होता. सबंध पान भरणारी एकच आयत, करारमदार लिहून कसे ठेवावेत ते सांगणारी. आपांनी पान पाहिलं आणि त्यांना हसू आलं. भाऊजींनी अभ्यास केला होता म्हणायचा!

एवढ्या लांब आयतीत वाचणाऱ्याला सांभाळतात त्या ओळींवरच्या बारीक खुणा. खुणा म्हणजे अरबी अक्षरंच. छोटा 'मीम' दिसला तर थांबायलाच हवं. 'ला' दिसला तर थांबू नये. 'जीम' असेल तर दोन्ही चालतं, थांबा नाहीतर पुढे जा, वाक्य कुठंच दुखावत नाही. बोलताना माणूस आवाजानं वाक्य तोडतो, तेच काम छापील पानावर या खुणा करतात. आपा मुलींना म्हणत, "पोरींनो, खूण म्हणजे शहाण्या माणसानं धरलेला हात. सोडून पळू नका."

पण या पानात एका ठिकाणी लांबलचक पल्ला होता आणि त्यात एकही खूण नव्हती. ज्याच्यावर देणं आहे तो अजाण असेल, किंवा दुर्बळ असेल, किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकानं न्यायानं सांगावा. हे सगळं एका दमात. जीम येतो तो थेट 'न्यायानं'नंतर.

आपांनी सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, पण स्वच्छ होता. पहिले काही जीम आले, प्रत्येकावर त्या टेकल्या आणि पुढे गेल्या. मग तो पल्ला आला. 'दुर्बळ'पर्यंत पोचल्या आणि छाती रिकामी झाली. थांबल्या. श्वास घेतला, मागे गेल्या, 'किंवा दुर्बळ'पासून पुन्हा धरलं.

"एक," चिटणीस म्हणाले.

परीक्षकांनी मान वर केली. "काय एक?"

"खूण नसताना थांबल्या. वाचा, वाचा वहिनी."

आपा वाचत होत्याच. अरबीत 'शकत नसेल' आधी येतं आणि 'स्वतः मजकूर सांगणं' त्याच्या मागून. ते मागचं तोंडात असतानाच खोकला आला. असा आला की टेबलाची काच थरथरली. सून पाणी घेऊन धावली. आपांनी हातानंच तिला मागे सारलं.

"दोन. आता पुरे करा, वहिनी. तब्येतीपेक्षा का काही मोठं आहे?"

आपांनी बोट पानावरून उचललं नव्हतं. आता खरी पंचाईत होती. जवळच्या शब्दापासून धरलं तर दम वाचणार होता आणि जीम आरामात गाठता येणार होता. पण मग ऐकणाऱ्याला ऐकू आलं असतं की त्यानं स्वतः सांगावं. 'शकत नसेल' मागेच राहिलं असतं आणि अर्थ पार उलटा झाला असता. 'नसेल' सोबत घ्यायचं तर आणखी मागे जायला हवं, आणि मागे गेलेला प्रत्येक शब्द पुन्हा त्याच अपुऱ्या छातीतून काढायला हवा.

"ऐकलंत का वहिनी? पुरे म्हणालो."

"इथं पुरे म्हणायची खूण नाही, भाऊजी," आपा म्हणाल्या. "तुम्ही बोलायचे थांबा, म्हणजे मला वाचता येईल."

आपांनी नाकानं सावकाश श्वास भरला, बरगड्यांखाली टाके ओढले गेले तरी भरत राहिल्या, आणि 'किंवा'पासून धरलं. किंवा शकत नसेल. स्वतः सांगणं. शेवटच्या शब्दांना आवाज नव्हता, नुसती हवा होती, पण अक्षरन् अक्षर आपापल्या जागी होतं. जीम आला. आपा थांबल्या. मग कुणाकडेही न बघता पुढचं वाक्य सुरू केलं आणि आयतीच्या शेवटापर्यंत जाऊनच पान मिटलं. मध्ये आणखी किती वेळा दम गेला ते चिटणिसांनी मोजलं असेल, पण मोठ्यानं म्हटलं नाही.

"लिहा," ते परीक्षकांना म्हणाले. "नको तिथं थांबल्या. नापास."

परीक्षक पेन हातात फिरवत राहिले. "चिटणीससाहेब, दम संपला म्हणून थांबणं नाइलाज असतो. तो दोष धरत नाहीत. पण सुरुवात कधीच नाइलाजानं होत नाही. कुठून धरायचं ते माणूसच ठरवतो. म्हणून दोष बघायचा तो सुरुवातीत. यांची एकही सुरुवात चुकलेली नाही. मी नापास कशाच्या जोरावर लिहू?"

"म्हणजे वहिनी वर्गात खोकत बसणार? आणि पोरी काय शिकणार, धापा टाकायला?"

"हो," आपा उठत म्हणाल्या. उठताना टेबलाला धरावं लागलं, ते त्यांनी लपवलं नाही. "खोकणार. त्यांच्यासमोरच दम तुटणार माझा. मग मी मागे जाणार आणि नीट जागेवरून धरणार. लांब दमाच्या बाया त्यांना पुष्कळ भेटतील, भाऊजी. त्या थांबतच नाहीत, तर परत कसं धरायचं ते कुठून शिकवणार?"

"वहिनी, तुमच्याशी बोलून उपयोग नाही."

"नाहीच. उद्या सकाळपासून वर्ग आहे. मुलींना तुम्ही निरोप पाठवता की मी पाठवू?"

चिटणिसांनी परीक्षकांकडे पाहिलं. ते खाली मान घालून 'पात्र' असा शब्द लिहीत होते.

"पाठवतो," चिटणीस पुटपुटले.

"मोठ्यांदा म्हणा," आपा म्हणाल्या. "सूनबाईला ऐकू आलं नाही."