त्रेसष्ट वेळा सदर मिळकत

हे कुणाला खरं वाटणार नाही, असं काकू आधीच बजावायची आणि मग सांगायची की एकतीस वर्षांत तिच्या नजरेखालून एकही शब्द निसटलेला नाही. बाकीचे लोक संगणकाला शोधायला लावतात. ती प्रत्येक ओळीखाली लाकडी पट्टी धरते आणि बोटाने वाचते. ती पट्टी इतकी झिजली होती म्हणे, की पंधरा सेंटिमीटरची राहिली होती साडेचौदा. भाषांतराच्या त्या कचेरीत काकू तपासनीस होती. भाषांतर दुसऱ्यांनी करायचं, तिने ते मुळाशी ताडून बघायचं आणि शेवटच्या पानावर 'मुळाबरहुकूम आहे' या शिक्क्याखाली सही करायची. ती सही झाल्याशिवाय कागद दाराबाहेर पडत नसे.

त्या दिवशी तिच्या टेबलावर एका घराचं खरेदीखत आलं. मूळ परभाषेतलं, चोवीस पानांचं. सोबत मराठी भाषांतर. दोन्हींवर सह्या व्हायच्या होत्या आणि दोन्हींना सारखंच वजन राहील असं त्यातच लिहिलेलं होतं. नोंदणी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला.

काकूने पहिलं पान वाचलं आणि तिला बरं वाटलं. व्याख्या चोख होती: घर, मागचं आवार, आवारातली पत्र्याची शेड आणि शेडपासून गल्लीपर्यंतची पायवाट, या सर्वांस मिळून यापुढे 'सदर मिळकत' असे म्हटले आहे. दुसरं पान वाचलं, तिथे 'सदर मिळकत'ची 'वास्तू' झाली होती. चौथ्यावर 'मालमत्ता'. सहाव्यावर 'जागा'. नवव्यावर, जिथे विकणारा ताबा देतो ते कलम होतं, तिथे नुसतं 'घर'. अकराव्यावर 'निवास', आणि चौदाव्यावर, देवाशपथ, 'ते निवांत निकेतन'.

ती उठली ती थेट कविराजाच्या टेबलापाशी.

कविराज म्हणजे अनुवादक. निवृत्त मराठी शिक्षक, धोतराइतकंच इस्त्री केलेलं बोलणं, आणि शाळेत तीस वर्षं निबंधांवर लाल शाईने 'तोच शब्द पुन्हा नको' असं लिहीत आलेला माणूस. मुळात एकच शब्द त्रेसष्ट वेळा आलाय हे बघून त्याला परक्या भाषेची कीव आली होती. बिचाऱ्यांकडे शब्दच नाहीत, असं तो म्हणाला. आपल्याकडे भांडार भरलेलं असताना वाचकाला त्रेसष्ट वेळा तेच ताट का वाढायचं?

काकू म्हणाली, "गुरुजी, निबंधात मूल कंटाळलं तर जांभई देतं. इथे शब्द बदलला तर शेड जाते."

विकणाऱ्याचीही तीच गत होती. एका कलमात तो 'लिहून देणार', दुसऱ्यात 'विक्रेता', आणि जिथे जुन्या भानगडी निघाल्या तर त्या निस्तरायची जबाबदारी त्याच्यावर येते, तिथे 'मालक'. सही झाल्यावर मालक कोण? विकत घेणारी. म्हणजे त्याच्या भानगडी तिनेच निस्तरायच्या. कविराज म्हणाला की सुज्ञ वाचकाला संदर्भावरून कळतंच. काकूने विचारलं की सुज्ञ वाचक कोर्टात तारखेला येणार आहे का. कविराजाने चष्मा पुसायला घेतला. त्याचा चष्मा दिवसातून चाळीसदा मळायचा, आणि नेमका उत्तर द्यायच्या वेळी.

तेवढ्यात विकत घेणारीच आली. टेलरबाई. गळ्यात मापाची टेप, पदराला तीन सुया टोचलेल्या. उद्या सही करायची तर कागद आधी वाचून बघावा म्हणून प्रत मागायला आली होती. तिला मूळ भाषा येत नव्हती. जे काही कळायचं ते मराठीतूनच. काकूने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं की घर कसं आहे.

घराचं काय, असं टेलरबाई म्हणाली, दोन खोल्या, ओल आहे, चालायचंच. ती घेतेय शेडसाठी. ती आणि तिची जाऊ मिळून पाच मशीनं चालवतात, सगळी राहत्या खोलीत. अंथरुणात टाचण्या सापडतात. सासूबाई रात्री कूस बदलायच्या आधी अंथरूण चाचपतात. शेडमध्ये पाचही मशीनं बसतात, तिने मापं घेतली होती, टेपने, दोनदा. मग म्हणाली की दलालाने मात्र शेडला परवाच नवं कुलूप घातलंय. विचारलं तर म्हणाला, आधी घराचा ताबा घ्या, शेडचं नंतर बघू.

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा वाक्प्रचार पुष्कळ जण वापरतात. काकूच्या बाबतीत म्हणे खुर्चीची गादी गरम झाली होती. नववं पान तिच्यासमोर उघडंच होतं. 'लिहून देणार घराचा ताबा देईल.' कविराजाने सौंदर्यासाठी काढलेलं भोक, आणि दलालाने ते कुणाच्याही आधी हुंगलेलं. भाषांतराचा कच्चा मसुदा त्याच्याकडे दोन दिवसांपूर्वीच गेला होता.

कचेरीचे साहेब काचेच्या खोलीत बसत. काकूने पानं त्यांच्यापुढे टाकली. साहेबांनी चाळली आणि अर्थ पोचतोय असा निर्वाळा दिला. घर म्हणा, वास्तू म्हणा, सगळ्यांना माहीत आहे कुठलं ते. आता दुरुस्त्या काढत बसलो तर उद्याची वेळ हुकेल, आणि पक्षकाराने बोभाटा केला तर? सही करून टाका, काकू.

"तुमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत," काकू शांतपणे म्हणाली, "नवऱ्या मुलाचं नाव पाच ठिकाणी पाच प्रकारे छापू का? सगळ्यांना माहीत आहे कुठला ते."

साहेबांनी पानं परत तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, उद्या सकाळपर्यंत जमत असेल तर करा, नाहीतर दुसऱ्या कुणाची सही घेतो. हे बोलणं काकूला चपराकीसारखं लागलं. एकतीस वर्षं जिने एक काना निसटू दिला नाही, तिच्या जागी दुसरं कुणीही!

ती बसली. आधी तक्ता आखला: डावीकडे मुळातला शब्द, मध्ये त्याचा एकच ठरवलेला मराठी शब्द, उजवीकडे पान आणि ओळ. 'सदर मिळकत' त्रेसष्ट वेळा. 'लिहून देणार' अठ्ठेचाळीस. 'लिहून घेणार' एक्केचाळीस. 'ताबा' चौदा, त्याचेही कविराजाने 'कब्जा' आणि 'स्वाधीनता' करून ठेवले होते. मुळातले आकडे आधी मोजायचे, मग भाषांतरातले, आणि दोन्ही जुळेपर्यंत उठायचं नाही. जिथे मुळात खरोखरच नुसतं 'घर' होतं, छताच्या दुरुस्तीच्या कलमात, तिथे मात्र 'घर' तसंच ठेवायचं. नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी. कविराज मधून मधून मान वर करून बघत होता. 'निवांत निकेतन' खोडताना तिने मुद्दाम पेन्सिलीचा आवाज केला.

पाच वाजेपर्यंत चोवीस पानं झाली. मागे जोडपत्रं राहिली होती: नकाशा, कराची पावती, ताबापावतीचा नमुना. काकूने पट्टीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. त्या संध्याकाळी तिथे नेमकं काय झालं ते ती कधी सांगत नाही. आकडे जुळले एवढंच सांगते. त्रेसष्टला त्रेसष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापील प्रती घेऊन स्वतः नोंदणी कचेरीत गेली. लांबट खोली, भिंतीला टेकून बाकडी, खिडकीपाशी अंगठ्याची शाई. टेलरबाई आणि तिची जाऊ एका बाकावर, समोर विकणारा म्हातारा, त्याच्या शेजारी दलाल किल्ल्यांचा जुडगा फिरवत. टेलरबाईच्या वकीलबाईंनी नवी प्रत उघडली आणि ताब्याचं कलम मोठ्याने वाचलं: लिहून देणार सदर मिळकतीचा ताबा देईल.

दलालाचा जुडगा थांबला. आधीच्या प्रतीत घर होतं, असं तो म्हणाला. शेडचा व्यवहार वेगळा, ती त्याच्या मेव्हण्याला गोदामासाठी कबूल केलेली आहे.

"आधीच्या प्रतीवर कुणाची सही होती?" काकूने विचारलं. "मूळ दस्त काढा. ताब्याचं कलम. तिथे जो शब्द आहे तोच पहिल्या पानावर आहे, आणि पहिल्या पानावर शेड आहे. तुमच्या मेव्हण्याला सांगा, गोदाम दुसरीकडे बघ."

वकीलबाईंनी मूळ दस्त काढला, दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं आणि विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला की त्याने तर सगळंच विकलंय, कुलपाचं त्याला ठाऊकच नाही. दलालाकडे सगळ्यांनी बघितलं. तो वाद घालेल असं वाटलं होतं, पण त्याने खांदे उडवले. असू दे बापडं, करा सह्या, म्हणाला, आणि पेन काढून टेलरबाईपुढे धरलं सुद्धा.

नोंदणी अधिकारी जरा प्रभावित झाले होते. एवढं बारीक कोण बघतं हल्ली, असं त्यांनी काकूला विचारलं. आता इतक्या लोकांसमोर विचारल्यावर काकूची जीभ कशी गप्प राहणार? तिने पट्टी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. चोवीस पानं आणि सगळी जोडपत्रं, तिने सांगितलं, ओळ न् ओळ, या पट्टीखालून. संगणकाला तिने हात लावला नाही. एक अक्षर तिच्या नजरेतून सुटलेलं नाही. कविराजासारख्यांनी कितीही भोकं पाडावीत, तिची नजर म्हणजे गाळणी. काल खिडकीतून एक पाखरू आत येऊन चौदाव्या पानावर बसलं, तर तिने त्यालाही मुळाशी ताडून बघितलं.

जाऊ हसली. अधिकारीही हसले. टेलरबाई हसली नाही. दलालाचं पेन तिने घेतलंच नव्हतं. ती अजून वाचत होती, शिवणीवरून अंगठा फिरवावा तसा ओळीवरून अंगठा फिरवत, आणि आता अगदी मागच्या, जरा तिरक्या छापलेल्या पानावर येऊन थांबली होती. ताबापावतीचा नमुना. जुन्या प्रतीतून फोटो काढून चिकटवलेला कागद. डोळ्याला अक्षरं, शोधणाऱ्या संगणकाला नुसतं चित्र.

तिने अंगठा तसाच ठेवून कागद काकूकडे वळवला.

"काकू," ती म्हणाली, "इथे अजून 'घराचा ताबा मिळाला' असंच आहे. हे पान काही तुमच्या पट्टीखालून गेलेलं नाही."