जुन्या ज्वारीचं पीठ

श्रीदेवीच्या भाकरीला एकदा तरी, सगळ्यांच्या देखत, मधोमध चीर पडावी, एवढंच रेणुकाबाईला हवं होतं.

श्रीदेवी तिची धाकटी जाऊ. लग्न होऊन आळंदहून चिंताकीला आली तेव्हा तिला मराठी धड बोलता येत नव्हतं, पण भाकरी अशी थापायची की सासरा दारात उभा राहून बघायचा. रेणुकाबाई घरात आधी आलेली, कणगीची मालकीण, पै-पाहुण्याचं बघणारी. पण जेवताना नाव निघायचं ते धाकटीचं. नवरा भीमाशंकरसुद्धा बोलून जायचा, "आज भाकर तुझ्या जावेनं केली वाटतं." तेही एक वेळ चाललं असतं. पण पोटचा तुळजाराम! लहानपणी रुसला की आईचं ताट सारून काकूच्या चुलीपुढं जाऊन बसायचा. आता बेंगळुरात नोकरीला लागला, तिथल्या मित्रांनासुद्धा त्यानं काय सांगितलं? तर काकूची भाकरी.

म्हणून यंदा रेणुकाबाईनं एक काम केलं. नवी ज्वारी घरात आली, पोती ओसरीवर रचली गेली, आणि तिनं मात्र रोजच्या भाकरीला कणगीच्या तळातली, दोन सालांपूर्वीची ज्वारी काढून द्यायला सुरुवात केली. जुन्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा राहत नाही. कितीही मळा, थापताना कडा फाटतात, उचलताना तुकडे होतात. आपली अशी झाली की सासू काय बोलायची ते रेणुकाबाई विसरली नव्हती.

पण श्रीदेवीची भाकरी फाटली नाही. रोज पातळ, रोज गोल. रेणुकाबाईला घास उतरेना.

त्यातच तुळजारामचा फोन आला.

"माय, रविवारी येणार हाव आमी. मी अन् हापिसातले पाच जण. किल्ला बघून बिदरहून घरीच जेवायला. नीट ऐक, काकूला बी सांग. यातला एक जण जनावराचं काहीच खात न्हाई. दूध न्हाई, तूप न्हाई, ताक न्हाई, मधसुद्धा न्हाई."

"उपास हाय का त्याचा?"

"उपास न्हाई, नेमच हाय त्याचा. दुसऱ्या एका पोरीला शेंगदाणा, काजू, बदाम असलं काही चालत न्हाई. कूट लागलेला चमचा जरी भाजीत गेला तरी तिचा घसा सुजतोय, श्वास बंद होतोय. सुई सोबत घेऊनच फिरती."

"अगं माय!"

"अन् प्रियंका हाय, तिला गहू न्हाई चालत. आवड-निवड न्हाई माय, आजार हाय. चिमूटभर गेला तरी आतडं सोलपटतंय, आठ-आठ दिवस पोट धरून बसती. जवारी चालती, तांदूळ चालतो. म्हणून तर घरी आणायलोय, तुमची भाकर खाईल बिचारी पोटभर. राहिलेले दोघं काय बी खातेत, दगड वाढलास तरी."

रेणुकाबाईनं फोन ठेवला आणि तिला बरं वाटलं. एवढं नाजूक काम पोरानं आईला सांगितलं होतं. काकूला सांग म्हणाला होता, पण सांगायचं कशाला? श्रीदेवी विचारायला आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पावणे येणार हायत. तू भाकरी कर. बाकीचं मी बघते."

आणि तिनं सगळं नीट बघितलं. घाण्यावर शेंगाही गाळतात म्हणून घाण्याचं तेल बाजूला ठेवलं आणि दुकानातून करडईच्या तेलाचा बंद डबा आणवला. खलबत्त्यात वर्षानुवर्षं कूट झालेला, त्याला हात लावला नाही. पाटा गरम पाण्यानं घासून त्यावर कारळ्याची चटणी वाटली. आधी फोन करून विचारून घेतलं की कारळं, तीळ, खोबरं त्या पोरीला चालतं ना. वांग्यात कुटाऐवजी तीळ घातले. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ घातल्याचं छापलंय, असं शेजारच्या शाळकरी मुलीनं वाचून दाखवलं, तेव्हा वरणाला नुसता लसूण-जिरं दिलं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, म्हणून गोडाला गूळ-खोबऱ्याचा भात. दोघा काहीही खाणाऱ्यांसाठी मटणाचा रस्सा अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीनं. तूप वाटीत, वरून घ्यायला. गव्हाचं पीठ तिनं स्वयंपाकघरातून उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. गिरणीत गहू दळतात म्हणून ज्वारी घरच्या जात्यावर दळली. त्या जात्यावर डाळीशिवाय कधी काही पडलं नव्हतं.

फक्त ज्वारी तिनं कणगीच्या तळातलीच घेतली. बेंगळुरूच्या पाहुण्यांपुढं काकूची भाकरी फाटली पाहिजे होती.

रविवारी पाहुणे आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले. रेणुकाबाईला नावं लक्षात राहिनात. तिनं आपलं बिनदुधाचा, बिनशेंगाची, बिनगव्हाची असं मनात लावून घेतलं. बिनगव्हाची प्रियंका बारीक पोरगी, डोळे मोठे. ओसरीवरच्या पोत्यांना टेकून बसली होती.

"ए काकू," तुळजाराम आत डोकावला, "इज्जत राख माझी. सहा महिने सांगायलोय यांना."

"जा रे! पावण्यात बस," श्रीदेवी हसून म्हणाली.

रेणुकाबाई चुलीकडं तोंड करून वांगं हलवत होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचं लक्ष परातीवर होतं. तिकडं श्रीदेवीनं पिठात पाणी घातलं, मळलं, बोटांनी चाचपून बघितलं आणि एकदा दाराकडं पाहिलं. मग राखेच्या टोपलीमागून एक लहान डबा काढला. मूठभर पीठ घेतलं. ज्वारीचं नव्हे. पिवळसर, मऊ, गव्हाचं. परातीत टाकलं आणि पुन्हा मळायला लागली.

रेणुकाबाईच्या हातातली पळी थांबली.

असं होतं तर! महिनाभर रोज मूठभर गहू! आणि नाव काकूच्या हाताचं. तिला एवढा आनंद झाला की आत्ताच ओरडावंसं वाटलं. पण इथं कोण ऐकणार? दोघीच तर होत्या. ताटात पडू दे. सगळे बसू देत. तुळजाराम समोर असू दे. मग हळूच म्हणू.

भाकऱ्या टम्म फुगत होत्या. आणि त्या बघता बघता रेणुकाबाईच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. मी म्हणणार, हिनं गहू घातला. पोरगा विचारणार, कामून घातला? ही म्हणणार, जवारी जुनी हाय. आणि नव्या ज्वारीची पोती तर ओसरीवर, पाहुण्यांच्या पाठीला.

म्हणजे बोलायचं नाही? नाही बोललं तर ती मोठ्या डोळ्यांची पोरगी खाणार.

ओसरीवरच पंगत बसली. तुळजाराम स्वतः भाकऱ्या वाढत सुटला. "ये है काकू की रोटी," असं हिंदीत सांगत त्यानं पहिली प्रियंकाच्या ताटात ठेवली. पोरीनं दोन्ही हातांनी ती उचलली, वास घेतला. तिला पुष्कळ दिवसांत कुणी बिनधास्त असं काही वाढलं नसावं.

"थांब!" रेणुकाबाई ओरडली आणि तिच्या हातातून भाकरी हिसकावून घेतली. "ह्यात गहू हाय."

श्रीदेवी दारात उभी होती, कोपरापर्यंत पीठ.

"खाल्लीस का?" तुळजारामनं प्रियंकाला हिंदीत विचारलं. तिनं मान हलवली, नाही. मग तो वळला. "काकू? गहू? कामून घातलीस? माय न्हाई का सांगितली तुला?"

श्रीदेवीनं एकदा जावेकडं बघितलं. मग मान खाली घातली. "माझीच चूक झाली, बाळा. मूठभरानं काय होतंय, असं वाटलं."

बस्स. जुन्या ज्वारीचं नाव नाही, निरोपाचं नाव नाही. आणि रेणुकाबाईनं पोराच्या तोंडाकडं बघितलं. राग निवळत होता. चुकली बिचारी काकू, कबूल तरी केली, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

म्हणजे हेही हिलाच? भाकरी हिची, पोरगं हिचं, आणि आता मोठं मनही हिचंच?

"तिची कशाची चूक?" रेणुकाबाई तडकून म्हणाली. "मी दिली जुनी जवारी. महिनाभर देयलेय. तिच्या भाकरी फाटाव्यात म्हणून. अन् तुझा निरोप बी न्हाई सांगितला तिला. तिला काय ठाऊक आतड्याचं?"

भीमाशंकरनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तुळजारामनं आईवरची नजर काढून घेतली, ते रेणुकाबाईला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. मराठी न समजणारे पाहुणे एकमेकांकडं बघत राहिले. काहीही खाणाऱ्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "हम खा लें तब तक?" तेव्हा कुणीतरी हसलं, आणि पंगत पुन्हा हलली.

त्या भाकऱ्या बाकीच्यांना चालत होत्या, त्यांना वाढल्या. प्रियंकाचं ताट बदललं, हात धुवायला लावले, भात-वरण-वांगं वेगळ्या भांड्यांतून दिलं. रेणुकाबाईनं ओसरीवरच्या एका पोत्याची शिवण उसवली आणि सूपभर नवी ज्वारी घेतली.

"लुगडं बदल," ती श्रीदेवीला म्हणाली. "हात कोपरापर्यंत धू. ती परात नको, तो तवा नको. आतून स्टीलचं ताट घे. नवा तवा टांगलाय, तो घासून घे."

जात्याशी दोघी समोरासमोर बसल्या. खुंट्याला दोघींचे हात.

"तुला कळलं व्हतं, जवारी जुनी हाय ते," रेणुकाबाई म्हणाली.

"पयल्या दिवशीच. वास येतोय की, अक्का."

"मग बोलली कामून न्हाईस?"

जातं दोन-तीन फेरे फिरलं. "बोलले असते तर तुमी नवी दिली असती. मग तुमाला कळलं असतं, जुनीनं मी बी अडते." तिनं मूठभर ज्वारी आत सोडली. "पोरगं फोन तुमालाच करतंय. कोणाला काय दुखतंय, कोणाला काय चालतंय, सगळं तुमाला. मला निस्तं, काकू भाकर कर. मग भाकर तरी नको का फाटायला?"

रेणुकाबाईनं तिच्याकडं बघितलं. हिलाही असं काही होत असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिला जरा बरंही वाटलं. मग दळता दळता तिनं सगळा निरोप सांगितला. बिनदुधाच्याला मधसुद्धा चालत नाही ते, घसा सुजतो ते, सुईचं, आतडं सोलपटतं ते.

"अय्यो," श्रीदेवी म्हणाली. "अन् मी मूठभर घातली."

नव्या पिठाची भाकरी श्रीदेवीनंच थापली. गहू नव्हता, तरी ती फुगली, आणि गोल झाली. आपली एवढी गोल झाली नसती, हे रेणुकाबाईला दिसलं, आणि आत कुठंतरी ते टोचलंच.

प्रियंकानं पहिला घास चटणीला लावून खाल्ला, डोळे मिटले, मग काही न बोलता खातच राहिली. तुळजाराम काकूकडं बघून हसला. आईकडं अजून बघत नव्हता.

दुसरी भाकरी तव्यावरून उतरली. श्रीदेवी ती घेऊन उठायला लागली, तेवढ्यात रेणुकाबाईनं हात पुढं केला.

"आण इकडं. मी वाढते."

श्रीदेवीनं क्षणभर भाकरी धरून ठेवली, मग दिली. रेणुकाबाई ती घेऊन ओसरीवर प्रियंकाकडं गेली, पोराच्या समोरून, ताठ मानेनं. वाढणं, तेवढं तरी तिला कुणाला द्यायचं नव्हतं.