अकरा कॉलची नोंद

वहिनी कान विकून पोट भरते, असं तिची नणंद थट्टेनं म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर तपासणी झाली की यंत्रात भराभर बोलून मोकळे होत आणि वहिनी घरी बसून, कानांना हेडफोन लावून, त्या बोलण्याचे अहवाल टाइप करत असे. या कामाचा नियम एकच. ऐकू आलं तेवढंच लिहायचं. शब्द कळला नाही तर तिथे रिकामी जागा ठेवून मिनिट आणि सेकंद टाकायचे. अंदाज करायचा नाही, कारण अंदाजानं पाचाचे पन्नास झाले तर औषधाचं विष होतं.

घरात माणसं दोनच, वहिनी आणि नणंद. वहिनीचा नवरा दूरच्या गावी पुलाच्या कामावर होता आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी उगवायचा. नणंद कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत कारकून होती. लग्न केलं नाही, त्यामुळे भावजयीवर डोळा ठेवायला आपल्याला भरपूर वेळ मिळतो, असं तीच सांगायची.

तिलाही तीन महिने काही कळलं नव्हतं. फाइली वाटून देणारा एक पर्यवेक्षक होता. दिवसा तो वहिनीला 'तुम्ही' म्हणायचा आणि रात्री अकरानंतर 'तू'. सुरुवात "झोपलीस का?" या दोन शब्दांनी झाली. त्याला उत्तर द्यावं तर पुढचा संदेश येई, न द्यावं तर दुसऱ्या दिवशी फाइली कमी. मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. अमुक क्रमांकाची फाइल तातडीची आहे, कॅमेरा चालू कर, असं म्हणून सुरुवात व्हायची. फाइलीचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं आणि गाडी वहिनीच्या केसांवर, कपड्यांवर, एकटं झोपण्यावर यायची. सकाळपर्यंत त्यानं पाठवलेले अर्धे संदेश त्यानंच काढून टाकलेले असत. उरलेल्यांतले बरेच वहिनी पुसायची. किळस आली की माणूस आधी फडकं शोधतो, पुरावा नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी धुतलेल्या चादरीची घडी घालताना ती बोलली. चादरीचं एक टोक नणंदेच्या हातात होतं, त्यामुळे तिला उठून जाता आलं नाही आणि वहिनीला तिच्याकडे न बघता बोलता आलं. नणंदेनं घडी पूर्ण केली. मग हातात काय काय आहे, एवढंच विचारलं.

हातात फार नव्हतं. काही संदेशांचे स्क्रीनशॉट होते, पण वहिनीनं ते नीटनेटके कापलेले, वरचा नंबर आणि तारीख गायब. एका पानावर तिनं त्याची वाक्यं सुबक टाइप केली होती आणि एका शब्दाच्या जागी लाजेनं टिंबं दिली होती. नणंदेनं ते पान परत केलं. हे तुझं अक्षर झालं, त्याचं कुठे आहे, असं तिचं म्हणणं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद सांभाळलेली बाई ती, तिला गोड बोलता येत नव्हतं.

मग तिनं एकेक गोष्ट सांगितली. संपूर्ण संभाषण सुरुवातीपासून बाहेर काढून ठेवायचं, त्यात तुझी उत्तरंही आली. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी ओळ दिसते तिचाही घ्यायचा, कारण त्या वेळी काहीतरी आलं होतं एवढं तरी ती ओळ सांगते. सगळ्याची एक प्रत आपल्या स्वतःच्या जागी ठेवायची, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही. तो लॅपटॉप उद्या काढून घेतला की सगळं गेलं. गुपचूप रेकॉर्डिंग चालतं की नाही हे सगळीकडे सारखं नसतं, ते आधी विचारल्याशिवाय करू नये. पण वही लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. कॉल संपला की झोपायच्या आधी लिहायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

"पण वन्सं, लिहू कसं? मला ते शब्द लिहवत नाहीत," वहिनी म्हणाली.

"डॉक्टर बोलतो ते लिहितेस ना? तसंच लिही. तू काही त्याची भाषा सुधारायला बसलेली नाहीस."

ते मात्र वहिनीला पटलं. तिनं वही घेतली आणि रोजच्या कामाचे रकाने आखले. फाइल क्रमांक, सुरू, संपले, बोलणारा, शब्दशः. तिच्या धंद्यात फाइल क्रमांकाशिवाय पानच सुरू होत नाही, म्हणून त्यानं ज्या फाइलीचं निमित्त केलं तिचा क्रमांक आपोआप पहिल्या रकान्यात पडला. यात काही हुशारी नव्हती, हाताची सवय होती. आधीच्या कॉलच्या फाइलींचे क्रमांक आणि वेळा तिला लॅपटॉपवरच्या आणि फोनमधल्या कॉलच्या याद्यांवरून आणि रोजच्या कामाच्या टिपणांवरून मिळाल्या. शब्द आठवले तिथे 'आठवणीतून' असं लिहिलं, नाही आठवले तिथे जागा रिकामी ठेवली. टिंबं काढून तो शब्दही लिहिला. लिहिताना तिचे कान तापले. नवे दोन धरून एकूण अकरा कॉल झाले.

आणि इथेच तिनं घोळ घातला. अकराव्या कॉलला तो कॅमेऱ्यासमोर नको तसा बसलेला होता. वहिनीनं आपल्या फोननं लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढला. फोटो छान आला, चेहरा स्पष्ट, वेळही कोपऱ्यात. सकाळी तिनं तो नणंदेला दाखवला तर नणंदेनं झटकन तोंड फिरवलं.

"त्याच्या मागे बघ काय उघडं आहे."

कॉलच्या चौकटीमागे वहिनीच्याच लॅपटॉपवर अहवाल उघडा होता. रुग्णाचं नाव, वय, आजार, सगळं वाचता येत होतं. या कामात याच्याइतका मोठा गुन्हा नाही. रुग्णाचं नाव घराच्या माणसालाही दिसू द्यायचं नाही अशी सही करून वहिनी नोकरीला लागली होती. याच चुकीपायी मागच्या वर्षी तिच्या एका सहकारी बाईला दोन ओळींच्या पत्रानं घरी बसवलं होतं. आणि वहिनीच्या पगाराशिवाय या घराचं भाडं निघत नव्हतं.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. फोटो पुसावा तर त्याच्या त्या ध्यानाचा पुरावा जाणार, द्यावा तर आपलीच नोकरी जाणार. नुसता चेहरा ठेवून बाकीचं कापावं, तर मूळ कुठे आहे हे कुणीतरी विचारणारच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला शंभरदा आठवलं. नणंदेनंही या वेळी सल्ला दिला नाही. नोकरी तुझी, असं म्हणून ती गप्प बसली, आणि ही बाई गप्प बसली म्हणजे प्रकरण खरंच अवघड आहे.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं तक्रार लिहिली. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत ती छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे लेखी जायला हवी, असा कंपनीचा नियम होता. तिनं वहीच्या पानांची प्रत जोडली, संभाषण जोडलं, कापलेल्या चित्रांच्या जागी पूर्ण चित्रं जोडली. त्याला उत्तर म्हणून तिनं पाठवलेली हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हंही त्यात तशीच राहिली. शेवटी एक परिच्छेद लिहिला: हा फोटो काढताना माझ्याकडून रुग्णाची माहिती टिपली गेली, घरातल्या एका व्यक्तीनं ती ओझरती पाहिली, ही माझी चूक आहे. मूळ फोटो न बदलता फक्त समितीकडे देत आहे, दुसरी प्रत नाव झाकून. चौकशी होईपर्यंत मला दुसऱ्या कुणाकडून काम मिळावं, हेही मागितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं पाठवायचं बटण दाबताना तिच्या मनात आलं.

काम दुसऱ्या पर्यवेक्षकाकडून येऊ लागलं. समितीत कंपनीची एक वरिष्ठ बाई अध्यक्ष होती, दोन कर्मचारी आणि बाहेरच्या संस्थेतली एक सदस्य. त्यांनी दोघांना वेगवेगळं ऐकलं. पर्यवेक्षकाचं लेखी म्हणणं वहिनीला वाचायला मिळालं. कॉल केले, पण तातडीच्या फाइलींसाठी. बाई कामात कच्च्या, बोललं की त्यांना लागतं. त्या स्वतः हसरे चेहरे पाठवत. शिवाय ज्यांनी रुग्णाची गोपनीयता मोडली त्यांच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही तयारी होती.

हसऱ्या चेहऱ्यांबद्दल तिला विचारलंच. ती म्हणाली, हसले नाही तर दुसऱ्या दिवशी फाइली मिळत नव्हत्या. कोणत्या दिवशी किती मिळाल्या ते तुमच्याकडेच असेल. मग अध्यक्षबाईंनी तो फोटो स्वतःहून का दिला, असं विचारलं.

वहिनी म्हणाली, "अर्धी नोंद दिली असती तर उरलेली अर्धी त्यांनी लिहिली असती."

बाहेरच्या सदस्यबाईंनी वहीतला पहिला रकाना बोटानं दाखवला आणि हे आकडे कसले, असं विचारलं. वहिनीनं सांगितलं. समितीनं तांत्रिक विभागाकडून दोन याद्या मागवल्या, एक व्हिडिओ कॉलची आणि एक फाइलींची. ज्या कॉलची वेळ वहिनीनं त्याच रात्री लिहिली होती, ती मिनिटाला मिनिट जुळली. फाइलींच्या यादीतून मात्र पर्यवेक्षकाशिवाय कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट निघाली. अकरा 'तातडीच्या' फाइलींपैकी नऊ फाइली कॉल येण्याआधी, संध्याकाळीच, तपासून रुग्णालयात पोचल्या होत्या. फोटोतली फाइल सहा वाजून दहा मिनिटांनी. त्या पोचवल्याची खूण खुद्द पर्यवेक्षकाच्या नावानं होती. कोळसा उगाळावा तितका काळाच निघत गेला.

निकालाची दोन पत्रं एकाच दिवशी आली. पहिल्यात तक्रार सिद्ध झाल्याचं आणि पर्यवेक्षकाला कामावरून काढल्याचं होतं. दुसऱ्यात वहिनीला गोपनीयतेबद्दल लेखी ताकीद होती, नोकरी कायम. तिनं दोन्हीवर पोच म्हणून सही केली. आनंद झाला का, असं नणंदेनं विचारलं. वहिनीला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. इतके दिवस आपण किती घाबरलो होतो, ते तिला आत्ता कळत होतं.

त्या शनिवारी नवरा आला. ताकीद लपवायची नाही असं ठरवून वहिनीनं दोन्ही पत्रं आणि वही त्याच्यापुढे ठेवली. तो खिडकीशी उभं राहून वाचत होता. मान लालबुंद झाली, पण आवाज चढला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला फोन केला असता. मग भांडण तुमचं आणि त्याचं झालं असतं. मी कुठेच राहिले नसते."

तो पुढे वाचत गेला आणि सहाव्या कॉलच्या पानावर अडकला. वहिनीला ते पान पाठ होतं. रात्री ११.४२, माझा फोन वाजला, नवऱ्याचा. बोलणारा म्हणाला, वाजू दे. ११.४४, पुन्हा वाजला. बोलणारा हसला. ११.५१, तिसऱ्यांदा वाजून बंद झाला.

"ही नऊ तारीख," नवरा हळूच म्हणाला. "तू उचलला नाहीस म्हणून मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो."

"हो," वहिनी म्हणाली. "ते मी लिहिलेलं नाही."