बँकेसाठी केलेली यादी

खोक्यांच्या कारखान्याचे हिशेब नुकतेच थोरल्या सुनेकडे आले होते. बँकेला द्यायची, गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या बिलांची यादी मात्र सासऱ्यांनी स्वतः केली होती. बँकेचे साहेब ती न्यायला यायच्या आत तिने भागीदार म्हणून फक्त सही करायची होती. यादीत एकही बिल पंचेचाळीस दिवसांहून जुनं नव्हतं.

तिने सहज आकडेमोड केली. येणं सेहेचाळीस लाख, गेल्या नव्वद दिवसांची उधार विक्री पंचेचाळीस लाख. म्हणजे ब्याण्णव दिवसांची विक्री अडकलेली. गेल्या पंचेचाळीस दिवसांत तर जेमतेम बावीस लाखांचा माल गेला होता. मग बाकीचं येणं आलं कुठून?

तिने मूळ बिलं काढली. निम्मी गेल्या वर्षीची होती, सगळी एकाच गिऱ्हाइकाची.

"बाबा, यादीत तारखा तुम्ही बदलल्यात?"

"जुन्या बिलांवर बँक पैसे देत नाही, सूनबाई."

"पण हे गिऱ्हाईक पैसे देणार कधी?"

"तो कधीच गाशा गुंडाळून पळालाय." सासऱ्यांनी पेन पुढे सरकवलं. "कर सही. राहतं घरही तारण आहे."

तिने पेनला हात लावला नाही. मूळ बिलं तिने घट्ट धरून ठेवली. जिन्यावर बँकेच्या साहेबांची पावलं वाजू लागली होती.