भाऊजींचा तक्ता

सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा थोरल्या सुनेने पानभर सलग लिहून ठेवल्या होत्या. दोन दिवसांसाठी आलेल्या धाकट्या दिराने त्यावर नाक मुरडलं आणि सकाळ, दुपार, रात्र असा रंगीत तक्ता छापून आणला.

"वहिनी, याला म्हणतात शिस्त."

तिने तक्ता वाचला. "भाऊजी, थायरॉईड आणि कॅल्शियम सकाळच्या एकाच चौकटीत? दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लिहिलं होतं मी."

"एवढं पुराण कोण वाचणार?"

तिने तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला नव्या ओळी आखल्या. सहाला उपाशीपोटी थायरॉईड, आठला नाश्त्यानंतर रक्तदाबाची, एकला जेवणानंतर कॅल्शियम, रात्री नऊला कोलेस्टेरॉलची. शेजारी 'कोण देणार' असा रकाना काढून चारही ओळींत 'भाऊजी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सहाचा गजर वाजला. ती कूस बदलून निवांत झोपली, आणि स्वयंपाकघरात शिस्त डोळे चोळत पाण्याचा पेला शोधत राहिली.